चाळीस लाखाची लिमिट आणि सत्तावीस लाखाची डीपी: बँकेचं इंग्रजी सँक्शन लेटर कसं वाचायचं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि चार जुन्या लेथ. पहिल्यांदा सीसी लिमिट मंजूर झाली तेव्हा अकरा पानांचं इंग्रजी लेटर हातात पडलं, मी पहिल्या पानावरचा ४० लाखाचा आकडा बघितला, शेवटच्या पानावर सही केली आणि मधली नऊ पानं फाईलला लावली. पुढं सहा महिन्यांनी शनिवारी पगाराचा दिवस, खात्यावर ३१ लाख उचललेले दिसतायत, म्हणजे माझ्या हिशोबानं अजून ९ लाख शिल्लक, आणि तरी पगाराचं पेमेंट परत आलं. बँकेत फोन केला तर साहेब म्हणाले "डीपी इल्ल री". डीपी नाही म्हणजे काय नाही, हेच मला माहीत नव्हतं. पोरं गेटवर उभी, मी भावाकडून उसने आणून पगार केले.

आपल्याकडं गंमत अशी की लेटर इंग्रजीत, काउंटरवर बोलणं कानडीत नाहीतर हिंदीत, आणि डोक्यातला हिशोब मराठीत. ह्या तिघांच्या मधे अर्थ सांडतो. म्हणून हे लिहितोय, ज्यांची पहिलीच लिमिट आहे त्यांच्यासाठी. मी सीए नाही, पण हा हिशोब आता दर महिन्याला स्वतः करतो.

हाताशी काय घेऊन बसायचं: सँक्शन लेटरची पूर्ण प्रत (सगळ्या जोडपत्रांसकट, नसेल तर शाखेतून मागून घ्या, ती द्यावीच लागते), टॅलीतनं महिनाअखेरची येणेकऱ्यांची आणि देणेकऱ्यांची यादी बिलाच्या तारखेनुसार, स्टॉक रजिस्टर, जॉबवर्कची चलनं, आणि एक हायलायटर.

१. आधी लेटरात चार ओळी शोधा

सगळं लेटर शब्द न् शब्द समजलंच पाहिजे असं नाही. हायलायटर घ्या आणि एवढंच शोधा. पहिली ओळ, जिथं लिहिलेलं असतं की उचल ही "सँक्शन्ड लिमिट ऑर ड्रॉइंग पॉवर, व्हिचेव्हर इज लोअर" एवढीच मिळेल. ह्याचा साधा अर्थ, लिमिट म्हणजे टाकीची उंची आणि डीपी म्हणजे आज टाकीत असलेलं पाणी. बँक पाणी बघून देते, टाकी बघून नाही.

दुसरी ओळ मार्जिनची, स्टॉकवर किती टक्के आणि येणेबाकीवर किती टक्के. माझ्या लेटरात स्टॉकवर २५ आणि येणेबाकीवर ४० होतं. तुमचं वेगळं असू शकतं, शेजारच्याचं ऐकून हिशोब करू नका. तिसरी ओळ येणेबाकी किती दिवसांपर्यंतची धरणार, बहुतेक ठिकाणी ९० दिवस असतं. चौथी ओळ स्टॉक स्टेटमेंट कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, आणि उशीर झाला तर दंड किती.

ह्यात एक पाचवी ओळ काही लेटरांत लपलेली असते, "सब-लिमिट" म्हणून. त्याबद्दल खाली सांगतो, कारण ती लागली की सगळा हिशोब बदलतो.

२. मार्जिन म्हणजे नफा नव्हे

आपण धंद्यात मार्जिन म्हणतो ते नफ्याला, "ह्या पार्टमधे मार्जिन किती सुटतं" वगैरे. बँकेच्या लेटरात मार्जिन म्हणजे त्या मालात तुमच्या स्वतःच्या खिशातले किती पैसे अडकलेले असले पाहिजेत ते. २५ टक्के मार्जिन म्हणजे १०० रुपयांच्या मालावर बँक ७५ देणार, २५ तुमचे.

हे मला खरं कधी समजलं तर एका उदाहरणावरनं. समजा तुम्ही १० लाखाचं कास्टिंग उधारीवर घेतलं. स्टॉक १० लाखानं वाढला, पण देणंही १० लाखानं वाढलं, त्यामुळं डीपी एक रुपयानं सुद्धा वाढली नाही. आता त्या फौंड्रीवाल्याला सीसी खात्यातनं ४ लाख दिले. तेवढा माल आता पैसे फेडलेला झाला, म्हणून डीपी ३ लाखानं वाढली, पण उचल ४ लाखानं वाढली. म्हणजे हातातली जागा १ लाखानं कमीच झाली. तो १ लाख म्हणजे मार्जिन. तो कुठनं तरी तुम्हालाच आणायचा आहे, गेल्या महिन्याच्या नफ्यातनं नाहीतर घरातनं.

गणित करताना एक चूक फार जण करतात, २५ टक्के मार्जिन काढायचं म्हणून रक्कम सव्वानं भागतात. १२ लाख भागिले १.२५ केलं की ९ लाख ६० हजार येतं. बरोबर उत्तर १२ चे ७५ टक्के, म्हणजे ९ लाख. ६० हजाराचा फरक इथंच पडला.

आणि लेटरात बँक गॅरंटी किंवा एलसीच्या खाली जे मार्जिन लिहिलेलं असतं ते वेगळं. ते रोख, बहुतेक वेळा एफडी करून द्यायचं असतं. दोन्ही एकाच पानावर असले तर गल्लत करू नका.

३. स्टॉक मोजताना काय तुमचं आणि काय पाहुण्याचं

इथंच मी मार खाल्ला. महिनाअखेरीला शॉपमधे जे जे लोखंड दिसलं ते सगळं मी स्टॉकमधे धरलं होतं, २८ लाख.

त्यातलं ५ लाखाचं कास्टिंग शिरोलीच्या एका कस्टमरचं होतं, त्यांनी चलनावर मशीनिंगसाठी पाठवलेलं. आपण फक्त मजुरी घेतो. ते माझ्या आवारात असलं, माझ्या पोरांनी उतरवून घेतलेलं असलं, तरी ते माझं नाही, आणि जे माझं नाही ते बँकेकडं तारण ठेवायचा मला हक्क नाही. बेळगावात अर्धी शॉप्स जॉबवर्कवर चालतात म्हणून हे मुद्दाम सांगतो. जॉबवर्कचं बिल केलं की ती मजुरी येणेबाकीत धरता येते, पण कास्टिंग कधीच नाही. कस्टमरचे पॅटर्न आणि फिक्श्चर पण तसेच.

आणखी १ लाखाचा माल म्हणजे दीड वर्षापासून रॅकखाली पडलेले रिजेक्ट पार्ट. ड्रॉइंग बदललं, आता कोणी घेणार नाही. बँकेचा माणूस बघायला आला तर धूळ बघूनच ओळखतो. ते भंगारच्या भावानं विकून टाका, स्टेटमेंटमधे ओढत बसू नका.

उलट बाजू पण आहे. तुमचा स्वतःचा माल हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला बाहेर गेलेला असेल तर तो तुमचाच आहे, पण बऱ्याच लेटरांत "आवारातला माल" असंच लिहिलेलं असतं. तो चलन नंबरसकट वेगळ्या ओळीत दाखवा आणि धरणार का ते साहेबांना आधी विचारा. न विचारता मिसळून दाखवला आणि नेमकी त्याच आठवड्यात तपासणी आली तर माल जागेवर नाही, एवढंच त्यांच्या रिपोर्टात जाईल.

किंमत कुठली धरायची हा दुसरा घोळ. खरेदीची किंवा बाजारातली, दोन्हीत जी कमी ती. विक्रीची कधीच नाही. माझा एक फ्लँज आहे, कच्चं कास्टिंग ४२० रुपये, मशीनिंगचा खर्च १८०, विक्री ७५०. तो रॅकवर कच्चा असेल तर ४२०, तयार असेल तर ६००, मशीनवर अर्धा झालेला असेल तर मधलं काहीतरी, जेवढं काम झालं तेवढं. ७५० तो कस्टमरच्या बिलावरच होतो. आणि जीएसटी त्यात धरायचा नाही, तो आपल्याला परत मिळतोच.

तर माझा खरा स्टॉक २८ वजा ५ वजा १, म्हणजे २२ लाख.

४. देणं वजा करा, पण कोणत्या क्रमानं ते लेटरात बघा

लेटरात "पेड स्टॉक" किंवा "स्टॉक लेस सन्ड्री क्रेडिटर्स" असं काहीतरी असतं. ज्या मालाचे पैसे तुम्ही अजून दिले नाहीत त्यावर बँक कर्ज देत नाही, कारण त्या मालावर फौंड्रीवाल्यानं उधार देऊन आधीच तुम्हाला पैसे दिल्यासारखे आहेत. एकाच मालावर दोघांकडनं पैसे घेता येत नाहीत.

माझं देणं होतं १० लाख. २२ मधून १० गेले, उरले १२, त्याचे ७५ टक्के ९ लाख. स्टॉकवरची डीपी ९ लाख.

पण काही बँका आधी मार्जिन कापतात आणि मग देणं वजा करतात. मग २२ चे ७५ टक्के साडेसोळा, त्यातून १० गेले की साडेसहा. आकडे तेच, माल तोच, आणि अडीच लाखाचा फरक. तुमच्या बँकेत कुठला क्रम चालतो हे लेटरातल्या वाक्यावरून ठरतं, नसेल कळत तर पहिलं स्टेटमेंट देताना साहेबांसमोर बसून त्यांनी सिस्टीममधे काय डीपी टाकली ते विचारून घ्या. लाजू नका, मी पहिल्या वेळी लाजलो होतो.

५. येणेबाकीत जुनी बिलं झोपलेली असतात

एकूण येणं ३६ लाख होतं. मी सरळ ३६ धरलं. त्यातलं ६ लाख एका जुन्या गिऱ्हाइकाकडं चार महिने अडकलेलं, दर फोनला "सोमवारी करतो" म्हणायचे. ९० दिवस ओलांडले की ते बिल डीपीसाठी शून्य. पैसे बुडाले असं नाही, ते उद्या येतील सुद्धा, पण बँकेच्या हिशोबात नाहीत.

राहिले ३० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन गेलं की १८ लाख.

ह्याचा अर्थ नीट बघा. ते ६ लाखाचं बिल ९० व्या दिवशी मला ३ लाख ६० हजाराची डीपी देत होतं आणि ९१ व्या दिवशी शून्य. रात्रीत काहीच घडलं नाही, मशीन चालूच होती, ऑर्डरी पण होत्या. म्हणून आता मी टॅलीतनं दर आठवड्याला ७५ दिवसांच्या वरची यादी काढतो, ९० ची काढून काही उपयोग नसतो, तोवर गाडी गेलेली असते.

भावाच्या किंवा बायकोच्या नावावरच्या फर्मकडनं येणं असेल तर ते बहुतेक बँका धरत नाहीत. कस्टमरनं ॲडव्हान्स दिलेला असेल तर तो त्याच्या येण्यातून वजा करा.

६. आता सगळं एकत्र

```
स्टॉकवर    : (२२ − १०) × ७५%  =  ९ लाख
येणेबाकीवर : (३६ − ६) × ६०%   = १८ लाख
डीपी                           = २७ लाख
```

मी काय केलं होतं? २८ चे ७५ टक्के २१, ३६ चे ६० टक्के २१.६, बेरीज ४२ लाख ६० हजार. म्हणजे लिमिटपेक्षा जास्तच, त्यामुळं ४० चे ४० मिळणार म्हणून मी निवांत. बँकेनं माझ्याच कागदांवरून २७ काढले. उचल ३१. म्हणजे ९ लाख शिल्लक नव्हतेच, उलट ४ लाख जास्त उचललेले होते.

आता ती सब-लिमिट. मच्छेतल्या एका मित्राच्या लेटरात लिहिलेलं, येणेबाकीवर जास्तीत जास्त १५ लाख. माझे हेच आकडे त्याच्या लेटरात घातले तर येणेबाकीचे १८ कापून १५ होतात आणि डीपी २४ वर येते. तो बरेच महिने म्हणत होता बँक चुकतेय. बँक चुकत नव्हती, ती ओळ सातव्या पानावर होती.

७. स्टेटमेंट वेळेत द्या, आणि पोच घ्या

महिनाअखेरच्या आकड्यांचं स्टेटमेंट पुढच्या महिन्यात लेटरात दिलेल्या तारखेपर्यंत जातं, बऱ्याच ठिकाणी ७ किंवा १०. फॉर्म बँकेचा असतो. सोबत येणेकरी आणि देणेकऱ्यांची यादी बिलाच्या तारखेसकट जोडायची, नुसती बेरीज लिहून दिली तर परत येते. कागदावर देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. एकदा मी टेबलावर ठेवून आलो, पंधरा दिवसांनी "स्टेटमेंट बंदिल्ल", म्हणजे आलंच नाही, आणि माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं.

उशिराचा दंड हा त्यातला लहान त्रास. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना बँक दंड व्याजदरात मिसळून लावू शकत नाही, तो वेगळा शुल्क म्हणून लावायचा आणि त्या दंडावर पुढं व्याज चढवायचं नाही. जुन्या खात्यांनाही ते ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. तुमच्या खात्यात कसं लागलंय ते एकदा बघून घ्या.

मोठा त्रास वेगळाच आहे. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी बँकेनं धरायचीच नाही असा नियम आहे. तशा जुन्या डीपीवरची उचल अनियमित समजतात, आणि ती तशीच सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए होऊ शकतं. उचल डीपीच्या वर सलग ९० दिवस राहिली तरी तेच. तुम्ही व्याज वेळेवर भरताय, धंदा बरा चाललाय, तरीही. फक्त कागद दिला नाही म्हणून. खरं सांगायचं तर आपल्यातले कितीतरी जण "ऑडिटला देऊ एकदम" म्हणून चार चार महिने देत नाहीत, आणि शाखेतला जुना ओळखीचा साहेब चालवून घेतो. तो बदलून गेला की नवीन माणूस पहिल्या दिवशी सिस्टीमची यादी बघतो.

८. आकडे फुगवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका

डीपी कमी पडली की कोणीतरी सांगतंच, स्टॉक थोडा वाढवून दाखवा, कोण मोजायला येतंय. मोजायला येतात. शाखेचा माणूस येतो, मोठ्या लिमिटला बाहेरचा स्टॉक ऑडिटर पण येतो. आणि न येताही कळतं, जीएसटी रिटर्नमधली विक्री, ताळेबंदातला ३१ मार्चचा स्टॉक आणि तुमचं मार्चचं स्टेटमेंट हे तीन कागद शेजारी ठेवले की झालं. माझ्या सीएनं विचारलेला पहिला प्रश्न आठवतोय, "ताळेबंदात २२ आणि बँकेत २८, मधले ६ लाख उंदरांनी खाल्ले काय हो?" माझं तरी अज्ञान होतं, कागदावर ते खोटंच दिसतं.

९. डीपी खरंच कमी आली तर

स्टेटमेंट देण्याच्या आधीच हिशोब करा, म्हणजे पाच सात दिवस हातात मिळतात. मी त्या वेळी काय केलं ते सांगतो. उचल ३१, डीपी २७. ६ लाखाचं ते जुनं बिल, कोल्हापूरला स्वतः जाऊन दिवसभर त्यांच्या ऑफिसात बसलो आणि ४ लाख आणले. ते बिल डीपीत नव्हतंच, त्यामुळं पैसे खात्यात आले तशी उचल २७ वर आली आणि डीपी जागची हलली नाही. हेच जर ३० दिवसांच्या बिलाचे ४ लाख आणले असते तर उचल ४ नं कमी झाली असती, पण पुढच्या स्टेटमेंटला डीपी पण २ लाख ४० हजारानं उतरली असती. म्हणून अडचणीत आधी जुन्या बिलामागं लागा.

दुसरं, बँकेत जाऊन तोंडी नाही तर लेखी सांगा, कोणतं येणं कोणत्या तारखेला अपेक्षित आहे ते लिहून. ठरावीक दिवसांपुरती जास्तीची उचल द्यायचा अधिकार शाखेला थोडाफार असतो, पण तो पेमेंट परत जायच्या आधी मागायचा असतो. मराठीत लिहून गेलात तर कदाचित फिरवतील, इंग्रजीत चार ओळी पुरतात. माझ्या अर्जात पार्टीचं नाव, बिल नंबर, रक्कम आणि तारीख एवढंच असतं, आणि खाली त्या महिन्याच्या डीपीचा वरच्यासारखा तीन ओळींचा हिशोब. साहेब आधी तो हिशोबच बघतात.